मोठी फाइल उघडली की व्हीएस कोड काय काय बंद करतो आणि का

प्रश्न: माझ्याकडे २८ एमबीची मायएसक्यूएल डम्प फाइल आहे. व्हीएस कोडमध्ये उघडली की रंग जातात, फोल्डिंगचे बाण जातात, वर्ड रॅप चालत नाही आणि लांब ओळी मध्येच तुटलेल्या दिसतात. पुढचा मजकूर गेला का? उलट ६ एमबीची एकाच ओळीतली जेसन फाइल कसलाही संदेश न देता उघडते, पण टाइप करताना अडकते. मोठी चालते आणि लहान अडकते, हे कसे? `editor.largeFileOptimizations` बंद केले तर सुटेल का?

उत्तर:

मजकूर गेलेला नाही. तुटलेली दिसणारी ओळ फक्त पडद्यावर तुटलेली असते. स्मृतीत आणि डिस्कवर ती पूर्ण असते आणि फाइल सेव्ह केली तरी पूर्णच लिहिली जाते. तुमच्या दोन फाइली दोन वेगळ्या मर्यादांना अडखळत आहेत: डम्प फाइल एकूण आकाराच्या मर्यादेला आणि जेसन फाइल एका ओळीच्या लांबीला. तुम्ही म्हणता ते सेटिंग यांपैकी फक्त पहिल्या मर्यादेशी संबंधित आहे, आणि तुमच्या डम्पच्या बाबतीत तेथेही त्याचा उपयोग अपेक्षेपेक्षा फार कमी होईल. त्याची कारणे पुढे येतील.

आधी हे लक्षात घ्यावे की २८ एमबी मजकूर नुसता धरून ठेवणे हे आजच्या व्हीएस कोडला जड नाही. पूर्वी ते जड होते. तेव्हा प्रत्येक ओळीसाठी एक स्वतंत्र ऑब्जेक्ट तयार होत असे, आणि एका वापरकर्त्याची अवघी ३५ एमबीची फाइल उघडेना, कारण तिच्यात १ कोटी ३७ लाख ओळी होत्या आणि त्या ऑब्जेक्टांनीच सुमारे ६०० एमबी स्मृती खाल्ली. या तक्रारीनंतर २०१८ च्या सुरुवातीला, १.२१ या आवृत्तीत, मजकुराची साठवण बदलली. आता फाइल वाचताना आलेले तुकडे जसेच्या तसे ठेवले जातात, तुमचे बदल एका वेगळ्या तुकड्यात जमा होतात, आणि कोणता भाग कोणत्या तुकड्यात आहे याची नोंद एका संतुलित वृक्षात राहते. त्यामुळे मोठ्या फाइलच्या मध्यभागी एक अक्षर घातले तरी संपूर्ण मजकूर हलवावा लागत नाही. अडचण येते ती मजकुराभोवती उभ्या राहणाऱ्या सुविधांची, कारण त्यांतील बऱ्याच सुविधा प्रत्येक ओळीमागे काहीतरी मोजतात आणि ते साठवून ठेवतात.

म्हणून एक रेषा आखलेली आहे. फाइल उघडताना मजकूर २० एमबीपेक्षा मोठा असेल किंवा ओळी ३ लाखांहून अधिक असतील, तर ती ‘मोठी’ ठरते आणि एक सूचना येते. टोकनायझेशन, म्हणजे ज्यावर सिंटॅक्सचे रंग अवलंबून असतात ती प्रक्रिया, शिवाय वर्ड रॅप, फोल्डिंग, कोडलेन्स, शब्दावर कर्सर ठेवताच त्याच्या इतर जागा उजळणे आणि वरच्या बाजूला चिकटून राहणारा स्टिकी स्क्रोल, एवढ्या गोष्टी बंद केल्या आहेत, असे ती सांगते. दोन अटींपैकी कोणतीही एक पुरते. त्यामुळे सेन्सरचे आकडे साठवलेली ८ एमबीची फाइल, ओळी साडेतीन लाख असल्या तर, मोठी ठरते आणि तिचा मालक बुचकळ्यात पडतो.

या रेषेबद्दल दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. पहिली, येथे २० एमबी म्हणजे डिस्कवरील बाइट नव्हेत, तर उघडलेल्या मजकुराची लांबी, म्हणजे २,०९,७१,५२० यूटीएफ-१६ एकके. इंग्रजी लॉग किंवा डम्पमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच येतात. मराठी मजकुरात मात्र येत नाहीत, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह ३ बाइट घेते आणि मोजणीत ते एकच धरले जाते. डिस्कवर ४५ एमबी दिसणारी निखळ मराठी मजकुराची फाइल मोजणीत साधारण पावणेदोन कोटी एककांची भरते, आणि ओळी मर्यादेत असल्या तर तिच्यातील सर्व सुविधा चालू राहतात. मराठी कॉर्पस हाताळणाऱ्यांना ‘माझी एवढी मोठी फाइल रंगते, पण त्याची लहान फाइल रंगत नाही’ हा जो अनुभव येतो, त्यामागे हेच असते. दुसरी गोष्ट अशी की हा निर्णय फाइल उघडतानाच एकदा होतो. निम्म्या ओळी काढून टाकल्या म्हणून रंग परत येत नाहीत. फाइल सेव्ह करून बंद करावी आणि पुन्हा उघडावी लागते.

आता नेमक्या याच सुविधा का निवडल्या, ते पाहू. रंगांचा खर्च सर्वांत मोठा असतो. ओळीचा रंग ठरवण्यासाठी मागची ओळ कोणत्या स्थितीत संपली हे माहीत असावे लागते, कारण वर कुठेतरी उघडलेली टिप्पणी किंवा स्ट्रिंग अजून बंद झालेली नसू शकते. त्यामुळे २ लाखाव्या ओळीचा रंग खात्रीने सांगायचा तर आधीच्या सर्व ओळी रेग्युलर एक्स्प्रेशनांच्या चाळणीतून जायला हव्यात. हे काम पार्श्वभूमीवर तुकड्या-तुकड्याने होते, आणि मधल्या काळात तुम्ही खाली उडी मारलीत तर संपादक वरच्या काही ओळींचे इंडेंटेशन पाहून स्थितीचा अंदाज बांधतो. हा अंदाज बहुधा जमतो, परंतु अनेक ओळींच्या स्ट्रिंगमध्ये चुकतो. मग रंग काही क्षण उलटसुलट दिसतात आणि पुढे आपोआप सुधारतात.

वर्ड रॅप आणि फोल्डिंग एकाच वेळी जातात, याचे कारण अधिक रंजक आहे. साध्या फाइलीत संपादकाला दोन हिशेब ठेवावे लागतात: फाइलीतली ओळ क्रमांक अमुक ही पडद्यावरच्या कोणत्या ओळीवर येते, आणि त्याच्या उलट. एक ओळ रॅप होऊन पडद्यावर पाच झाली, किंवा फोल्ड केल्यामुळे चाळीस ओळी लपल्या, की हे क्रमांक वेगळे होतात आणि प्रत्येक ओळीमागे नोंद ठेवावी लागते. मोठ्या फाइलीसाठी व्हीएस कोड हा हिशेबच टाकून देतो आणि फाइलीतली ओळ म्हणजेच पडद्यावरची ओळ असे धरतो. मग रॅपही शक्य राहत नाही आणि फोल्डिंगही. यामुळेच सेटिंगमध्ये वर्ड रॅप चालू असूनही तुमच्या डम्पमध्ये त्याचा काहीच परिणाम दिसत नाही. उरलेल्या तीन सुविधांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कर्सर किंवा स्क्रोल हलला की त्यांना पुन्हा हिशेब करावा लागतो, म्हणून त्या वगळल्या जातात.

यानंतर तुमच्या तुटलेल्या ओळी. `mysqldump` नेहमीच्या पद्धतीने चालवला की एका `INSERT` मध्ये शेकडो-हजारो नोंदी एकापाठोपाठ येतात आणि एकेक ओळ काही लाख अक्षरांची होते. व्हीएस कोड कोणत्याही ओळीची पहिली १०,००० अक्षरेच रंगवून पडद्यावर आणतो आणि पुढे थांबतो. ही मर्यादा `editor.stopRenderingLineAfter` मध्ये असते. शोध मात्र पडद्यावर नव्हे, साठवलेल्या मजकुरावर चालतो, म्हणून दिसत नसलेल्या भागातील शब्दही सापडतो, फक्त तो डोळ्यांनी पाहता येत नाही. याखेरीज `editor.maxTokenizationLineLength` ही वेगळी मर्यादा आहे आणि तिचे मूळ मूल्य २०,००० आहे. त्याहून लांब ओळीचे टोकनायझेशन होतच नाही, मग फाइल कितीही लहान असो.

येथे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. सूचनेतील `Forcefully Enable Features` हे बटण दाबले, किंवा सेटिंग स्वतः `false` करून फाइल पुन्हा उघडली, तर २० एमबी आणि ३ लाख ओळींची रेषा पुसली जाते. पण ओळीच्या लांबीच्या दोन्ही मर्यादा तशाच राहतात. म्हणजे तुमच्या डम्पमध्ये `CREATE TABLE` चे भाग रंगतील, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही हे सारे करत आहात त्या लाख-लाख अक्षरांच्या `INSERT` ओळी कोऱ्याच राहतील. शिवाय ओळी आणि पडद्याचा तो टाकलेला हिशेब परत सुरू होईल, आणि फाइलीत लांब ओळींचेच वर्चस्व असल्यामुळे त्या सक्तीने रॅपही होतील. म्हणजे आज बऱ्यापैकी सुरळीत सरकणारी डम्प फाइल तुमच्या जेसन फाइलीसारखी वागू लागेल.

कारण जेसन फाइलीत नेमके हेच घडते आहे. ६ एमबी म्हणजे २० एमबीच्या बरीच आत आणि ओळ एकच, म्हणून ती ‘मोठी’ ठरत नाही, संदेश येत नाही, काहीही बंद होत नाही. परंतु १०,००० अक्षरांहून लांब ओळींमध्ये असलेला मजकूर उरलेल्या मजकुरापेक्षा जास्त असेल, तर व्हीएस कोड अशी फाइल मिनिफाइड आहे असे समजून तुमच्या पसंतीची वाट न पाहता ती खिडकीच्या रुंदीत रॅप करतो. हेतू चांगला आहे, कारण नाहीतर तुम्हाला पहिली १०,००० अक्षरेच दिसली असती. किंमत अशी की रॅपच्या जागा ओळ हे एकक धरून काढल्या जातात. तुम्ही मध्ये एक स्वल्पविराम घातलात की त्या एकमेव ओळीचा, म्हणजे ६० लाखांहून अधिक अक्षरांचा, संपूर्ण मजकूर पुन्हा जुळवून सर्व जागा नव्याने मोजाव्या लागतात. १०० अक्षरांच्या ६०,००० ओळी असत्या तर त्याच बदलासाठी एकच छोटी ओळ मोजावी लागली असती. मोठी फाइल चालते आणि लहान अडकते ती यामुळे.

त्याच फाइलीत आणखी एक गोष्ट गुपचूप बंद झालेली असेल. कंसांच्या जोड्या वेगवेगळ्या रंगांत दाखवण्याची सुविधा ५० लाख एककांपर्यंतच चालते, आणि तिच्यासाठी कसलीही सूचना येत नाही. तसेच जेसनची रूपरेषा आणि फोल्डिंगचे विभाग `json.maxItemsComputed` नुसार ५,००० वर थांबतात. सूचना आली नाही म्हणजे सर्व काही चालू आहे, असे गृहीत धरू नये.

या दोन्ही मर्यादांखेरीज तिसरी एक रेषा ५० एमबीवर आहे आणि ती एक्स्टेन्शनांसाठी आहे. त्याहून मोठा मजकूर एक्स्टेन्शनांच्या स्वतंत्र प्रक्रियेकडे पाठवला जात नाही, त्यामुळे लिंटर, फॉर्मॅटर, भाषा-सेवा यांना ती फाइल जणू दिसतच नाही. सेटिंग बदलून ही रेषा हलत नाही. मात्र २० ते ५० एमबी हा मधला पट्टा फसवा आहे, आणि तुमचा डम्प नेमका त्यातच आहे. संपादकाने स्वतःच्या सुविधा बंद केलेल्या असतात, पण एक्स्टेन्शनांना फाइल मिळत राहते. त्यांतील एखादे प्रत्येक बदलानंतर संपूर्ण मजकूर मागून घेऊन तपासत असेल, तर दोष संपादकाचा वाटतो आणि असतो दुसऱ्याचाच. हे ओळखणे सोपे आहे. फाइल अशी उघडून पाहावी:

```
code -n --disable-extensions dump.sql
```

अडखळणे थांबले तर कारण एक्स्टेन्शनमध्ये आहे. न थांबल्यास प्रोसेस एक्स्प्लोरर उघडून कोणती प्रक्रिया सीपीयू खाते आहे ते पाहावे. `extensionHost` वर असेल तर एक्स्टेन्शन, खिडकीची स्वतःची प्रक्रिया वर असेल तर रॅप, रंग किंवा चित्रण. माझ्या कामात २० ते ५० एमबीच्या फाइलींच्या तक्रारी आल्या की मी ही तपासणी सर्वांत आधी करायला सांगतो, सेटिंगला हात लावण्यापूर्वी.

आता तुमच्या फाइलींचे काय करावे ते सांगतो. डम्प वाचण्यासाठीच हवा असेल, तर तो वेगळ्या पद्धतीने घ्यावा:

```
mysqldump --skip-extended-insert mydb orders > orders.sql
```

यामुळे प्रत्येक नोंदीला स्वतंत्र `INSERT` आणि म्हणून स्वतंत्र ओळ मिळते. समजा, मूळ २८ एमबीमध्ये दीड लाख नोंदी आहेत. ‘INSERT INTO’ आणि तक्त्याचे नाव मिळून प्रत्येक ओळीवर तीसेक अक्षरे वाढली, तर फाइल सुमारे ३२ एमबीची होईल. ओळी दीड लाख, प्रत्येकी साधारण सव्वादोनशे अक्षरांच्या. ओळींची अट आता पाळली जाते, आकाराची मोडतेच, म्हणून सूचना पुन्हा येईल. पण आता सुविधा जबरदस्तीने चालू करण्याला अर्थ आहे, कारण एकही ओळ १०,००० च्या जवळपास जात नाही आणि रॅपचा सक्तीचा प्रकारही टळतो. रंगांसाठी प्रत्येक टोकनामागे ८ बाइट लागतात. सरासरी पाच अक्षरांमागे एक टोकन धरले तर ६७ लाख टोकने होतील आणि जवळपास ५० एमबी जादा स्मृती जाईल. आजच्या लॅपटॉपला हे झेपते. पहिल्यांदा शेवटपर्यंत रंगायला वेळ लागेल, तेवढा धीर धरावा. हे सेटिंग सर्वत्र न बदलता त्या फोल्डरच्या `.vscode/settings.json` मध्येच ठेवावे:

```json
{
  "editor.largeFileOptimizations": false
}
```

एक इशारा: असा एकेका नोंदीचा डम्प परत डेटाबेसमध्ये भरायला बराच अधिक वेळ घेतो. त्यामुळे बॅकअप म्हणून जुन्याच पद्धतीचा डम्प ठेवावा आणि हा केवळ वाचनासाठी समजावा.

जेसनसाठी पहिला मोह होतो तो ती नीट मांडून घेण्याचा, म्हणजे `jq . data.json` चालवण्याचा. करून पाहायला हरकत नाही, पण प्रत्येक लहान मूल्य स्वतंत्र ओळीवर गेले की सरासरी २० अक्षरांना एक ओळ या हिशेबाने ६ एमबीच्या ३ लाखांहून अधिक ओळी होतात, आणि फाइल ओळीच्या लांबीच्या मर्यादेतून सुटून ओळींच्या संख्येच्या अटीत अडकते. टाइप करणे सुरळीत होईल, रंग मात्र जातील. फाइलीच्या मुळाशी एक यादी असेल, तर मधला मार्ग अधिक चांगला आहे:

```
jq -c '.[]' data.json > data.jsonl
```

एका ओळीवर एक नोंद येते. १२,००० नोंदी असतील तर प्रत्येक ओळ सुमारे ५०० अक्षरांची होईल. रंग राहतील, बदल करताना एकच ओळ पुन्हा मोजली जाईल, आणि ३ लाखांच्या मर्यादेपासून तुम्ही फार दूर राहाल. फाइलीच्या नावाचा शेवट `.jsonl` असाच ठेवावा, अन्यथा दुसऱ्या नोंदीपासून चूक दाखवणारी लाल रेघ येईल. बदल करून झाल्यावर `jq -s -c . data.jsonl` ने पुन्हा एक यादी करता येते. येथेही एक काळजी घ्यावी: १.७ पूर्वीचा `jq` सतरा किंवा अधिक अंकी पूर्णांकांचे शेवटचे अंक बदलू शकतो, म्हणून फाइलीत तसे ओळखक्रमांक असतील तर आधी `jq --version` पाहावे.

इतर संपादकांच्या रेषा वेगळ्या ठिकाणी आहेत, एवढे नोंदवून पुढे जातो. इंटेलिजेमध्ये कोडची समज देणाऱ्या सुविधा २,५०० केबीनंतर थांबतात, म्हणजे तुमची जेसन फाइल तेथे सरळ मोठी ठरली असती. नोटपॅड++ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही मर्यादा मुळात २०० एमबी असते आणि ‘परफॉर्मन्स’ या पानावर ती बदलता येते. विम आकाराकडे न पाहता वेळेकडे पाहतो: रंगांसाठी ओळीचे फक्त पहिले ३,००० स्तंभ तपासतो, आणि पुन्हा चित्रणाला `redrawtime` मधील २,००० मिलिसेकंदांहून अधिक लागले तर त्या खिडकीतील रंग बंद करतो. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो तुमच्या यंत्राच्या प्रत्यक्ष वेगावर ठरतो; तोटा असा की तीच फाइल एका यंत्रावर रंगते आणि दुसऱ्यावर नाही.

व्हीएस कोडमध्येच राहणार असाल तर शोधाच्या एका मर्यादेची माहिती असू द्यावी. शोधपट्टी १९,९९९ जुळण्यांवर मोजणी थांबवते आणि आकड्यापुढे अधिकचे चिन्ह दाखवते. दीड लाख ओळींच्या डम्पमध्ये `INSERT` किती वेळा आला हे तेथे कळणार नाही. मोजणीसाठी `grep -c` वापरावा, आणि ५० एमबीच्या पुढच्या फाइलीतील एखादाच भाग पाहायचा असेल तर `grep -n` ने ओळ क्रमांक काढून तेवढ्याच ओळी वेगळ्या कराव्यात:

```
sed -n '120000,120400p' big.sql > part.sql
```

या चारशे ओळींच्या फाइलीत, ओळी फार लांब नसतील तर, रंग, रॅप आणि फोल्डिंग सर्व काही नेहमीप्रमाणे चालते.